खोक्यावर २०२६, बारकोडमध्ये २०२४

गेल्या रमजानमधली गोष्ट. दुपारचे साडेचार वाजले असतील. आमच्या गल्लीतले चाचा असरच्या नमाजला निघाले आणि दारातच बसले. कपाळावर घाम, हाताला कंप. गेली चौदा वर्षं त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे मुलाने लगेच मशीन आणलं आणि बोटाला सुई टोचली. आकडा आला १२६. चाचा म्हणाले, "शुगर तर बरोबर आहे, उन्हाने होत असेल. इफ्तारला दोनच तास राहिलेत." चाचींचं मन मानेना. त्यांनी समोरच्या घरातल्या काकूंना हाक मारली. काकू निवृत्त परिचारिका. त्या स्वतःचं मशीन आणि स्वतःच्या स्ट्रिप घेऊन आल्या. दुसऱ्या बोटाचं रक्त, मधे पाच मिनिटांचं अंतर, आणि आकडा ५८.

रोजात शुगर ७० च्या खाली गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडावा, असं मधुमेहाचे डॉक्टर सांगतात. वर ३०० पार गेली तरी तेच. काकूंनी चाचांना साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि मग त्या मला म्हणाल्या, "तुम्ही औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काढली आहेत, जरा हा डबा बघा बरं."

बावीस वर्षं मी काउंटरमागे काढली आहेत. तरीही हाती घेतला तेव्हा त्या डब्यात मला काही वावगं दिसलं नाही. कंपनी नावाजलेली, रंग बरोबर, मुदत जुलै २०२६. चाचांच्या मुलाने पन्नास स्ट्रिपचे दोन खोके एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून निम्म्या किमतीत मागवले होते. रमजानात स्ट्रिप जास्त लागतात. सहरीआधी, दुपारी, इफ्तारआधी, इफ्तारनंतर दोन तासांनी अशी दिवसातून चार-पाच वेळा तपासणी करायची म्हटली, तर महिन्याला सव्वाशे-दीडशे स्ट्रिप होतात. (बोटातून तपासणीपुरतं रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनी पुष्कळदा सांगितलं आहे. तरीही दरवर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच.) खर्च मोठा, म्हणून स्वस्ताच्या जाहिराती याच महिन्यात फिरतात. यंदाही फिरत आहेत. तीन तर माझ्याच फोनवर आल्या. तेव्हा त्या खोक्याचं पुढे काय निघालं, ते सविस्तर सांगतो.

आधी एक जुनं प्रकरण. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने देशभर इशारा दिला होता. जॉन्सन अँड जॉन्सनच्या लाइफस्कॅन या कंपनीच्या 'वनटच' स्ट्रिपची हुबेहूब नक्कल अमेरिकेतल्या दुकानांत पोहोचली होती. माग काढत तपास चीनपर्यंत गेला. त्या स्ट्रिप चुकीचा आकडा दाखवू शकत होत्या आणि तो आकडा बघून कुणी इन्सुलिन जास्त घेतलं असतं, कुणी कमी. प्रशासनाने लोकांना नकली माल कसा ओळखायला सांगितलं, तर स्ट्रिप बघून नव्हे. खोक्यावरचा लॉट क्रमांक बघा, आणि खोक्यावर इंग्रजीसोबत कोणत्या भाषा आहेत ते बघा. एका प्रकारच्या नकली खोक्यावर ग्रीक आणि पोर्तुगीज मजकूर होता. अमेरिकेतल्या दुकानात ग्रीक मजकुराचा खोका कशाला येईल? पण विकणाऱ्यांना तो खटकला नाही, कारण खोका सुबक छापलेला होता.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. खोक्याची छपाई ऑफसेटवर एकदाच हजारोंनी होते. कंपनीचं नाव, चित्रं, सूचना सगळं त्यात येतं, फक्त लॉट आणि मुदत यांची जागा कोरी ठेवलेली असते. खोका भरला जातो त्या वेळी कारखान्यातलं छोटं यंत्र त्या कोऱ्या जागेत लॉट आणि तारीख टाकतं. ते यंत्र शाईचे बारीक थेंब उडवणारं असेल, तर अक्षर ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं. लेसरचं असेल, तर वरचा रंग जळून खालचा पांढरा कागद अक्षराच्या रूपात उघडा पडतो. ते अक्षर बाकीच्या छपाईपेक्षा वेगळं असतं आणि बहुतेक वेळा किंचित वाकडं बसलेलं असतं. खोक्यांची नक्कल छापणाऱ्याकडे अनेकदा ते दुसरं यंत्र नसतं किंवा त्याला तो खर्च नको असतो. मग तो लॉट आणि मुदतही बाकीच्या मजकुरासोबत त्याच शाईने छापून टाकतो. म्हणून तारीख फार सुबक असेल, बाकीच्या अक्षरांशी रंगाने आणि रेषेने अगदी जुळत असेल, तर तिथेच थांबावं. आपण उलटं करतो. वाकडी तारीख दिसली की संशय घेतो आणि सरळ दिसली की निश्चिंत होतो.

चाचांच्या खोक्यावरची तारीख मात्र ठिपक्यांचीच होती. म्हणजे खोका नकली नव्हता. मग काकूंच्या मशीनने वेगळं का सांगितलं?

खोका मी खिडकीजवळ नेला आणि प्रकाश एका बाजूने पडेल असा तिरका धरला. तारखेभोवतीची जागा फिकी, निस्तेज दिसली. बाकी खोक्यावर वॉर्निशची चकाकी होती, तेवढ्या दोन बोटं रुंद पट्ट्यात ती नव्हती. थेंबांची शाई थिनरने पुसली जाते, पण तिच्यासोबत वॉर्निशही जातं. जुनी तारीख पुसून हातात धरायच्या छोट्या यंत्राने नवी टाकलेली होती. तशी यंत्रं बाजारात सहज मिळतात आणि ती बाळगणं हा काही गुन्हा नाही.

एवढ्यावर मी ठाम बोललो नसतो. निस्तेज डाग घासटल्यानेही पडतो. पण त्या खोक्याच्या बाजूला बारीक चौकोनांचा ठिपकेदार कोड होता. असा कोड सगळ्याच खोक्यांवर नसतो. किराण्याच्या मालावर असतो तो उभ्या रेघांचा साधा बारकोड फक्त वस्तूची ओळख सांगतो, त्यात तारीख नसते. हा चौकोनी कोड मात्र वस्तूच्या ओळखीसोबत मुदत आणि लॉटही साठवतो. फोनमधल्या बारकोड वाचणाऱ्या साध्या ॲपने तो वाचला, तर अंकांची एक लांब ओळ येते. सुरुवातीला 01 आणि त्यापुढे वस्तूचा चौदा अंकी क्रमांक. त्यानंतरचा भाग आपल्या कामाचा. चाचांच्या खोक्याचा तो भाग असा होता:

```
(17)240731(10)K4417
```

17 म्हणजे पुढे मुदतीची तारीख येते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 240731 म्हणजे ३१ जुलै २०२४. 10 म्हणजे पुढे लॉट क्रमांक. काही ॲप कंस दाखवत नाहीत, सगळे अंक सलग येतात. तेव्हा चौदा अंकांनंतरचं 17 शोधावं. कधी दिवसाच्या जागी 00 असतं, त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस. तारीख बदलणाऱ्याने डोळ्यांना दिसणारी तारीख बदलली, कोड तसाच राहिला. तो बदलायचा, तर नवा कोड छापून चिकटवावा लागला असता. मुदत संपून सात महिने उलटलेला माल चाचांनी दोन आठवडे वापरला होता.

यातली खरी गडबड स्ट्रिपच्या आत असते. स्ट्रिपच्या टोकाला एक एन्झाइम लावलेलं असतं. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते आणि त्यातून निघणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मशीन मोजतं. एन्झाइमला वय आहे, दमट हवेचं त्याला वावडं आहे. म्हणूनच डबीच्या झाकणात किंवा आतल्या भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो. मुदत संपलेली किंवा उन्हात पडलेली स्ट्रिप नेहमी कमीच दाखवते किंवा नेहमी जास्तच दाखवते, असं काही नाही. ती कुठेही जाऊ शकते, म्हणून 'दहा-वीस वजा करून वाचू' हा हिशेब इथे चालत नाही. चांगल्या स्ट्रिपलाही थोडी सूट असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्यावरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, आणि शंभरातल्या किमान ९५ तपासण्या त्या मर्यादेत बसाव्या लागतात. १२६ आणि ५८ यांतलं अंतर त्यात बसत नाही.

आता फोटोंकडे वळू, कारण आपण खरेदी करतो ती फोटो बघूनच. चाचांच्या मुलाने मला ग्रुपवरचा फोटो दाखवला. त्यात खोक्याची फक्त समोरची बाजू होती. ती कंपनीच्या संकेतस्थळावरून कुणालाही उचलता येते आणि तिच्यावर लॉट नसतोच. मी म्हटलं, विक्रेत्याकडून तारखेच्या बाजूचा आणि आतल्या डबीचा फोटो मागव. दोन्ही आले. डबीच्या फोटोत मुदतीचं शेवटचं '6' आणि डबीवरचं दुसरं एक '6' हे शब्दशः एकच अक्षर होतं, म्हणजे त्याच कोपऱ्यात तीच कुरतड. ठिपक्यांच्या छपाईत दोन 6 इतके सारखे कधी येत नाहीत, एखादा ठिपका इकडे-तिकडे होतोच. दुसरी खूण अधिक सोपी होती. डबी गोल असते, त्यामुळे तिच्यावरची ओळ कडेकडे जाताना आक्रसते आणि वळते. बाकीची अक्षरं वळली होती, हे 6 मात्र भिंतीवर टांगल्यासारखं सपाट उभं होतं. खोक्याची तारीख थिनरने पुसली, डबीची मात्र नुसती चित्रात बदलली. घरी आलेल्या डबीवर तर तारखेची जागा खरवडून काढलेली होती आणि ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. खोका आणि डबी यांच्यावरचा लॉट आणि मुदत एकच असावी लागते, ही तपासणी दुकानातल्या मालालाही लागू आहे आणि तिला अर्धं मिनिट लागतं.

फोटो वाचताना एक सावधगिरी हवी. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात अक्षरांच्या कडा पुसट होतात, भोवती धुरकट चौकोन दिसतात. त्यावरून बनावट ठरवू नका. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही. आणि खोक्याशेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवा फोटो मागा. ज्याच्याकडे माल आहे त्याला यात काही अडचण नसते. आमच्या विक्रेत्याने या मागणीनंतर 'स्टॉक संपला' असं कळवलं. शिवाय फोटो चांगला निघाला म्हणून माल खरा ठरत नाही. फोटोत खोटेपणा पकडता येतो, खरेपणा सिद्ध होत नाही. खऱ्या खोक्यात दुसरी डबी, खऱ्या डबीत उन्हात तापलेल्या स्ट्रिप, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला उपाय एकच, कंट्रोल सोल्यूशन. ठरावीक साखर असलेलं हे द्रव स्ट्रिपवर टाकायचं आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते बघायचं. ते आपल्याच मशीनच्या कंपनीचं हवं. तालुक्याच्या गावात ते सहज मिळत नाही, मागवून घ्यावं लागतं. ते नसेल, तर प्रयोगशाळेत रक्त देताना त्याच वेळी स्वतःच्या मशीनवर बोटातलं रक्त तपासून दोन आकडे ताडून बघावेत. हे सकाळी उपाशीपोटी करावं, कारण जेवणानंतर बोटातली आणि शिरेतली साखर मुळातच वेगळी असते.

कोकणातल्या आणि आखाताशी नातं असलेल्या घरांसाठी एक वेगळी बाब. तिकडून येणाऱ्या माणसाबरोबर आलेली स्ट्रिप बहुधा अस्सल असते. खोक्यावर अरबी असतं, भारतीय आयात परवाना आणि छापील किंमत नसते, त्यावरून ती नकली ठरत नाही. पण ती प्रवासात किती तापली, हे विचारायला हवं. साधारण ३० अंशांच्या वर ठेवू नये, असं बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं. असाच खोका कुणी आपल्याकडे पैसे घेऊन विकत असेल, तर मात्र तो बेकायदा माल आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने 'औषध' मानली जातात आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने स्ट्रिप, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर यांच्या उत्पादनाला आणि आयातीला परवाना सक्तीचा झाला. तो क्रमांक खोक्यावर असावा लागतो. भारतात बनलेल्या स्ट्रिपवर तो `MFG/IVD/` असा सुरू होतो, ऑक्सिमीटरवर `MFG/MD/` असा, आणि आयात मालावर सुरुवातीला `IMP` असतं. स्ट्रिपच्या खोक्यावर ऑक्सिमीटरच्या प्रकारचा क्रमांक दिसला, तर नक्कल करणाऱ्याने कुठलातरी क्रमांक उचललेला आहे. विकणाऱ्याकडेही औषध विक्रीचा परवाना किंवा एमडी-४२ ही नोंदणी लागते. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनकडे ती असण्याची शक्यता किती, हे वाचकांनीच ठरवावं.

त्याच संध्याकाळी, इफ्तारनंतर, काकूंनी स्वतःचा ऑक्सिमीटरही माझ्यापुढे ठेवला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, मिळेल त्या किमतीला घेतलेला. तेव्हा घराघरांत शिरलेली ही यंत्रं अजून कपाटांत आहेत आणि दम्याच्या रुग्णासाठी बाहेर काढली जातात. काकूंच्या यंत्राच्या मागे सीई ही खूण होती आणि शेजारी 'एफडीए' असंही लिहिलेलं होतं. दुसरं आधी निकालात काढू. अमेरिकेचं प्रशासन स्वतःचं बोधचिन्ह खासगी उत्पादनावर वापरू देत नाही. 'एफडीए नोंदणीकृत' याचा अर्थ तपासून मंजूर केलेलं असा होत नाही, नोंदणी म्हणजे यादीत नाव. तेव्हा ते चिन्ह भरवसा वाढवत नाही, कमीच करतं.

सीई ही युरोपची खूण. दोन अक्षरांतलं अंतर कमी असेल, तर ती 'चायना एक्स्पोर्ट'ची वेगळी खूण असते, अशी एक गोष्ट फिरते. तशी कुठली अधिकृत खूण नाही, ती चुकीची छापलेली किंवा हक्क नसताना लावलेली सीईच असते. खऱ्या खुणेत दोन्ही अक्षरं वर्तुळाच्या चापासारखी असतात आणि सी चं वर्तुळ पुरं केलं, तर ते ई च्या डाव्या कडेला किंचित ओलांडतं, इतकं त्यांच्यात अंतर असतं. पण अंतर मोजण्यापेक्षा चार अंक शोधावेत. ऑक्सिमीटरसारख्या उपकरणाला युरोपात बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी लागते आणि त्या संस्थेचा चार अंकी क्रमांक सीईजवळ छापावा लागतो. उदाहरणार्थ `0123` हा जर्मनीच्या ट्यूव्ह झ्यूडचा, `0197` ट्यूव्ह राइनलँडचा. स्वतःच्या घरी शुगर तपासायच्या स्ट्रिपलाही असा क्रमांक लागतो. नुसतंच सीई आणि पुढे काही नाही, हे खेळण्याला चालतं, ऑक्सिमीटरला नाही. काकूंच्या यंत्रावर अंक नव्हते. खोक्यावरचं मॉडेलचं नाव आणि यंत्राच्या पाठीवरचं नाव यांतही एका अक्षराचा फरक होता.

आतली तपासणीही केली. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. रक्तात प्राणवायू किती, हे तो दोहोंच्या शोषणातल्या फरकावरून काढतो. एकाच प्रकाशावर ते निघू शकत नाही. अंधाऱ्या खोलीत चिमटा उघडून फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून आत बघितलं, तर लाल ठिपक्याजवळ अनेकदा फिका जांभळट ठिपकाही दिसतो. मात्र काही फोनचे कॅमेरे अवरक्त प्रकाश गाळून टाकतात. न दिसला तर आधी दुसऱ्या फोनने बघावं, लगेच निकाल देऊ नये. पेन्सिल घालून आकडा आला म्हणजे यंत्र खोटं, हा करोनाकाळातला व्हिडिओही निर्णायक नाही. हात हलला की खऱ्या यंत्रालाही कधी कधी भलताच आकडा सुचतो. जास्त उपयोगाची कसोटी नाडीची. मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडा. मग दोन जिने चढून या आणि पुन्हा ताडा. काकूंच्या यंत्राने बसल्या जागी ७६ दाखवले, जिना चढून आल्यावर मनगटावर १०८ होते आणि यंत्र ७८ वर होतं. प्राणवायू दोन्ही वेळा ९८. (ईदच्या आसपास गडद मेंदी लावलेल्या बोटावर, नेलपॉलिशवर किंवा गार बोटावर चांगलं यंत्रही चुकू शकतं. स्वच्छ, ऊबदार बोट निवडावं.)

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अहो, २१ साली मी याच्यावर आमच्या चाळीतल्या सहा जणांना 'बरं आहे' म्हणून सांगितलंय."

चाचांच्या मुलाला तो खोका कचऱ्यात टाकायचा होता. मी टाकू दिला नाही. खोका, डबी, उरलेल्या स्ट्रिप, पैसे पाठवल्याची नोंद, ग्रुपवरचं संभाषण आणि फोटो हे सगळं एका पिशवीत घालून आम्ही जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्जासह दिलं आणि पोच घेतली. पैशांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी तक्रार नोंदवली. पैसे परत आले नाहीत, ग्रुप दोन दिवसांत नाहीसा झाला. यंदाच्या तीन जाहिरातींपैकी एकीतला डबीचा फोटो मी मोठा करून पाहिला. तारखेचं 6 त्यातही सपाट आहे.